फोन लॉक असताना गेट कसं उघडतं? लंडनला निघालेल्या पुणेकरांसाठी एक्सप्रेस मोडची क्रमवार तयारी

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात ओळखीतलं कुणी ना कुणी लंडनला निघतं. कुणी शिकायला, कुणी हिंजवडीच्या कंपनीतून ऑनसाइटला. आणि पहिल्या पंधरवड्यात त्यांचा फोन येतो: गेटपाशी अडकलो, मागे रांग लागली, किंवा प्रवास एक केला आणि पैसे दोनदा गेले. चुका बहुतेक त्याच त्या असतात, आणि त्यांचं मूळ आपल्या इथल्या सवयीत असतं. पुणे मेट्रोला आपण फोन बाहेर काढतो, ॲप उघडतो, क्यूआर तिकीट समोर आणतो, स्क्रीनचा उजेड वाढवतो आणि मग गेटच्या काचेवर धरतो. आयफोनच्या एक्सप्रेस मोडमध्ये यातलं काहीच करायचं नसतं. फोन खिशातून काढायचा, लॉक असेल तसाच रीडरवर टेकवायचा आणि चालू लागायचं. पण हे इतकं सोपं व्हायला आधी काही गोष्टी क्रमाने झालेल्या असाव्या लागतात.

हा लेख आयफोन आणि लंडन एवढ्यापुरता आहे. अँड्रॉइडबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

## आधी एवढं समजून घ्या: गेट आणि फोन एकमेकांशी काय बोलतात

ॲपल पे म्हणजे आयफोनने पैसे देण्याची सोय. तिच्यात कार्ड घातलं की त्याची माहिती फोनमधल्या एका वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये बसते. दुकानात पैसे देताना ही चिप आपण होऊन काही देत नाही. तुम्ही बाजूचं बटण दोनदा दाबता, चेहरा दाखवता, तेव्हा तिला परवानगी मिळते.

एक्सप्रेस मोडमध्ये ही परवानगी तुम्ही आधीच देऊन ठेवलेली असते. सेटिंगमध्ये कार्ड निवडताना एकदा चेहरा दाखवला, तीच ती परवानगी. मात्र तिला एक अट आहे: समोरचा रीडर प्रवासाच्या गेटचा असला पाहिजे. गेटवरचा रीडर सतत हलकी रेडिओ साद घालत असतो, आणि त्या सादेत एक खास छोटा संकेत मिसळलेला असतो. फोनमधला एनएफसी भाग तो संकेत ओळखतो आणि निवडलेलं कार्ड पुढे करतो. दुकानातल्या मशीनच्या सादेत तो संकेत नसतो. म्हणून तोच लॉक केलेला फोन किराणा दुकानात टेकवला तर चेहरा मागतो आणि गेटवर मागत नाही.

दुसरी गोष्ट, गेट त्या क्षणी तुमच्या बँकेला विचारत नाही. लंडनच्या गेटला साधारण अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यायचा असतो आणि बँकेपर्यंत जाऊन यायला तेवढा वेळ पुरत नाही. कार्ड खरं आहे का आणि ते अडवलेल्या कार्डांच्या यादीत आहे का, एवढंच पाहून गेट उघडतं. कुठे चढलात, कुठे उतरलात याची नोंद मागे संगणकात जमते, आणि दिवसभराच्या प्रवासाचा हिशोब होऊन पैसे नंतर एकत्र कापले जातात.

आपलं वन पुणे कार्ड याहून वेगळं आहे. त्यात पैसे कार्डाच्या चिपमध्येच भरलेले असतात आणि गेट ते तिथल्या तिथे वजा करतं. लंडनमध्ये बँकेचं कार्ड वापरताना फोनमध्ये पैसे नसतात, असते ती फक्त ओळख. "हा तोच, जो सकाळी त्या स्टेशनात शिरला होता," एवढंच गेटला त्यातून कळतं. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, कारण पुढच्या निम्म्या चुका इथूनच सुरू होतात.

## टप्पा १: पुण्यातून निघण्याआधी

पहिली अडचण इथेच आहे. हा लेख लिहिताना ॲपल पे भारतात सुरू नाही, त्यामुळे आपल्या बँकेचं कार्ड आयफोनच्या वॉलेटमध्ये घालून एक्सप्रेससाठी निवडता येत नाही. याचा अर्थ, तिथलं बँक खातं उघडून त्याचं कार्ड हातात किंवा ॲपमध्ये येईपर्यंत तुमचा फोन गेट उघडणार नाही. ते पहिले काही दिवस प्लॅस्टिकच्या कार्डावर काढायचे आहेत, आणि त्याची तयारी इथूनच करून जायची.

त्यासाठी व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड लागेल, म्हणजे ज्यावर आडव्या लाटांची खूण आहे ते. रुपे कार्ड तिथल्या गेटवर चालेल असं धरून चालू नका. फॉरेक्स कार्ड कॉन्टॅक्टलेस असेल तर तेही चालतं.

यानंतर बँकेचं ॲप उघडा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवीन कार्ड मुळात फक्त देशातल्या वापरापुरतं सुरू असतं. परदेशातला वापर आणि कॉन्टॅक्टलेस वापर ही दोन वेगळी बटणं असतात आणि दोन्ही आपल्याला सुरू करावी लागतात. बरेच जण पहिलं करतात आणि दुसरं विसरतात. मग दुकानात कार्ड खुपसून पिन टाकला की पैसे जातात, पण गेटवर लाल दिवा लागतो, आणि माणूस समजतो की कार्डच खराब झालं. गेटवर पिन टाकायची सोयच नसते, त्यामुळे कॉन्टॅक्टलेस बंद असलेल्या कार्डाचा तिथे काहीही उपयोग नाही.

फोनची तयारी तशी थोडीच आहे. आयओएस अद्ययावत करा, पासकोड आणि फेस आयडी सुरू असू द्या, आणि ॲपल खात्याचा पासवर्ड आठवतोय ना ते पाहा.

तपासा: बँकेच्या ॲपमध्ये "आंतरराष्ट्रीय" आणि "कॉन्टॅक्टलेस" ही दोन्ही बटणं सुरू दिसतात का? भारतातला मोबाइल नंबर रोमिंगवर एसएमएस घेईल का? पुढे काहीही बदलायचं झालं तर ओटीपी तिथेच येणार आहे.

सावधान: एक्सप्रेस मोडची रंगीत तालीम पुण्यात होत नाही. पुणे मेट्रोच्या गेटवर आयफोन टेकवून "चालतंय का" हे पाहण्यात अर्थ नाही. पहिली खरी परीक्षा लंडनच्या गेटवरच होते, म्हणून आधीचे टप्पे नीट करा.

## टप्पा २: तिथलं कार्ड वॉलेटमध्ये घालणं

खातं उघडलं की बँकेच्या ॲपमधूनच कार्ड ॲपल वॉलेटमध्ये घालायचं बटण बहुधा मिळतं. नाहीतर वॉलेट ॲप उघडून अधिकच्या खुणेवर दाबा आणि कार्डाचा फोटो घ्या. बँक पडताळणी करेल आणि कार्ड वॉलेटमध्ये दिसू लागेल.

इथे एका गोष्टीकडे लक्ष द्या. फोनमध्ये जे जातं तो तुमच्या प्लॅस्टिकच्या कार्डावरचा नंबर नसतो. त्या फोनसाठी एक वेगळा नंबर तयार होतो. तेच कार्ड ॲपल वॉचमध्ये घातलंत तर घड्याळासाठी तिसरा नंबर तयार होतो. खातं एकच, पैसे जातात एकाच ठिकाणाहून, पण गेटच्या दृष्टीने प्लॅस्टिकचं कार्ड, फोन आणि घड्याळ हे तीन वेगळे प्रवासी आहेत.

तपासा: वॉलेटमध्ये कार्ड उघडून त्याच्या तपशिलात जा. तिथे कार्डाच्या नंबराचे शेवटचे आकडे आणि फोनसाठीच्या नंबराचे शेवटचे आकडे वेगळे दिसतील. एकदा डोळ्यांनी पाहून घ्या, म्हणजे पुढची गोष्ट पटेल.

## टप्पा ३: एक्सप्रेससाठी कार्ड निवडणं

सगळ्यात जास्त सुटणारी पायरी हीच. कार्ड वॉलेटमध्ये घातलं म्हणजे एक्सप्रेस सुरू झालं, असं लोक धरून चालतात. जपानच्या सुइकासारखं प्रवासाचंच कार्ड घातलं तर एक्सप्रेस आपोआप सुरू होतं. बँकेच्या कार्डाचं तसं नाही, ते हाताने निवडावं लागतं.

`Settings` उघडा, `Wallet & Apple Pay` मध्ये जा आणि `Express Travel Card` वर दाबा. फोनची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर तिथे `Express Transit Card` असं लिहिलेलं दिसेल, गोष्ट तीच. समोर कार्डांची यादी येते. हवं ते कार्ड निवडा आणि चेहरा दाखवा. बँकेचं कार्ड एका वेळी एकच निवडता येतं.

त्याच पानावर जरा वर-खाली पाहिलंत तर `Default Card` नावाची वेगळी नोंद दिसेल. ते दुकानात वापरायचं नेहमीचं कार्ड. ही दोन्ही एकच असलीच पाहिजेत असं नाही, आणि गोंधळ नेमका इथे होतो. समजा नेहमीचं कार्ड "अ" आहे आणि एक्सप्रेसचं "ब". गेटपाशी आल्यावर सवयीने तुम्ही बाजूचं बटण दोनदा दाबलंत, चेहरा दाखवलात, तर "अ" पुढे येतं. संध्याकाळी घाईत फोन नुसता टेकवलात, तर "ब" पुढे येतं. आत शिरला तो एक आणि बाहेर पडला तो दुसरा, असा गेटचा समज होतो.

त्यामुळे माझं सांगणं एवढंच आहे, की पहिले काही महिने दोन्ही जागी एकच कार्ड ठेवा.

तपासा: `Express Travel Card` च्या यादीत तुमच्या कार्डासमोर बरोबरची खूण आहे का? `None` वर खूण असेल तर एक्सप्रेस बंद आहे. घड्याळ वापरत असाल तर त्याची निवड वेगळी असते. ती फोनमधल्या `Watch` ॲपमध्ये करावी लागते.

## टप्पा ४: पहिलं गेट

फोन लॉक असू द्या. स्क्रीन लावायची गरज नाही, बटण दाबायची गरज नाही, वॉलेट उघडायची तर मुळीच नाही. गेटच्या उजव्या हाताला पिवळा गोल रीडर असतो. आयफोनचा वरचा भाग, जिथे कॅमेरे आहेत ती बाजू, त्यावर सपाट टेकवा आणि क्षणभर स्थिर धरा. रीडरवरून नुसता हात फिरवू नका. फोन थरथरतो, स्क्रीनवर कार्डाचं चित्र आणि बरोबरची खूण येते, रीडरवर हिरवा दिवा लागतो आणि गेट उघडतं.

त्या वेळी किती पैसे गेले ते कळणार नाही. आपल्याला प्रत्येक व्यवहाराचा मेसेज तत्क्षणी यायची सवय असते, त्यामुळे काही लोक "पैसे गेलेच नाहीत" म्हणून पुन्हा टेकवतात. तसं करू नका. भुयारी रेल्वेत, ओव्हरग्राउंडला आणि एलिझाबेथ लाइनला उतरतानाही त्याच फोनने टेकवायचं असतं, आणि भाडं तेव्हाच ठरतं. बसमध्ये मात्र फक्त चढताना टेकवायचं, उतरताना नाही.

डीएलआर या हलक्या रेल्वेच्या बऱ्याच स्टेशनांवर गेटच नसतं, नुसता खांबावरचा रीडर असतो. समोर अडवणारं काही नसल्यामुळे नवा माणूस सरळ चालत जातो आणि टेकवायचं राहून जातं. आपण फुकट प्रवास केला असं वाटतं, पण तपासनीस भेटला तर दंड १०० पौंड आहे. वेळेत भरला तर निम्मा होतो.

लाल दिवा लागला तर: बाजूला व्हा, मागच्यांना जाऊ द्या आणि दोन गोष्टी पाहा. फोन नुकताच बंद करून सुरू केला आहे का? तसं असेल तर एकदा पासकोड टाकल्याशिवाय एक्सप्रेस चालत नाही. लॉक स्क्रीन चेहऱ्याऐवजी पासकोड मागते आहे का? मफलर किंवा मास्कमुळे चेहरा पाच वेळा ओळखला गेला नाही, तर फोन पासकोडवर अडतो आणि एक्सप्रेसही थांबतं. थंडीत हे हमखास होतं. पासकोड टाकून फोन एकदा उघडा, पुन्हा लॉक करा आणि मग टेकवा.

एक फोन म्हणजे एक माणूस. आई-बाबा भेटायला आले आणि तुम्ही एकाच फोनने दोघांना आत सोडायला गेलात, तर दुसऱ्यांदा गेट उघडणार नाही. त्यांच्यासाठी त्यांची आपापली कार्डं लागतात.

## टप्पा ५: आत शिरला तोच बाहेर पडला पाहिजे

माझ्या भाच्याचं उदाहरण सांगतो, कारण तो नवखा नव्हता. सेटिंग सगळी बरोबर होती, तीन आठवडे काही अडलं नव्हतं. मग एका मंगळवारी त्याच्या बँकेत नेहमीपेक्षा बरेच जास्त पैसे कापलेले दिसले. त्याचा रोजचा रस्ता साधा आहे: वेम्बली पार्कहून ज्युबिली लाइन, गाडी न बदलता थेट कॅनरी व्हार्फ. त्याने रात्री फोन केला.

"मामा, मी रोजच्यासारखाच गेलो. दोन्हीकडे गेट उघडलं. मग जास्त पैसे कसे गेले?"

मी विचारलं, "दोन्ही वेळा फोन थरथरला का?"

तो जरा थांबला. "सकाळी थरथरला. उतरताना... नाही. गेट उघडलं म्हणून मी लक्षच दिलं नाही."

"फोनच्या कव्हरमध्ये काय आहे?"

कव्हरच्या मागच्या कप्प्यात त्याने आदल्या दिवशी बँकेचं प्लॅस्टिकचं कार्ड ठेवलं होतं. उतरताना रीडरला फोनच्या आधी ते कार्ड सापडलं. गेट उघडलं, कारण कार्ड खरं होतं. पण लंडनची वाहतूक चालवणाऱ्या टीएफएलच्या नोंदीत काय झालं? सकाळी फोन नावाचा एक प्रवासी वेम्बली पार्कला आत गेला आणि कुठेच बाहेर पडला नाही. प्लॅस्टिकचं कार्ड नावाचा दुसरा प्रवासी कॅनरी व्हार्फला बाहेर पडला, तो कधी आत गेला होता ते माहीत नाही. दोन्ही प्रवास अपुरे ठरले आणि अपुऱ्या प्रवासाला जास्तीत जास्त भाडं लागतं. तेही दोनदा.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. लंडनमध्ये दिवसाला आणि सोमवार ते रविवार अशा आठवड्याला भाड्याची कमाल मर्यादा असते. ती गाठली की पुढचा प्रवास धरला जात नाही. पण ती मर्यादा प्रत्येक नंबराची वेगळी मोजली जाते. सकाळी फोन, दुपारी घड्याळ, संध्याकाळी कार्ड असं केलंत, तर तिघांचेही हिशोब अर्धवट राहतात आणि मर्यादेचा फायदा कुणालाच मिळत नाही.

भाच्याने पुढे केलं ते असं. टीएफएलच्या संकेतस्थळावर खातं उघडून त्यात आपलं कार्ड जोडलं. तिथे त्या दिवसाच्या प्रवासांसमोर अपुरा अशी नोंद दिसली. कुठून कुठे गेलो ते भरून परतावा मागितला. काही अपुरे प्रवास टीएफएल आपणहून दुरुस्तही करतं, पण त्याची वाट पाहत बसू नका. आठवड्यातून एकदा खातं उघडून नोंदी पाहिल्या तर चूक लगेच सापडते. दोन महिन्यांनी बँकेचं स्टेटमेंट चाळताना कुठल्या मंगळवारी काय झालं ते आठवत नाही.

सावधान: प्रवास सुरू असताना एक्सप्रेसचं कार्ड बदलू नका. वॉलेटमधून कार्ड काढून पुन्हा घातलं तरी फोनसाठी नवा नंबर तयार होतो. नवा फोन घेतला की तेच होतं. असे बदल रविवारी रात्री, प्रवास संपल्यावर करा. नव्या आठवड्याचा हिशोब नव्या नंबराने सुरू होईल.

तपासा: गेट उघडलं एवढ्यावर समाधान मानू नका, फोन थरथरला का तेही पाहा. गेट उघडलं आणि फोन गप्प राहिला, तर दुसरंच काहीतरी वाचलं गेलं आहे. कव्हर, खिसा, पर्सचा मागचा कप्पा बघा.

## टप्पा ६: बॅटरी संपली तर

फोनची बॅटरी संपली की बाहेर कसं पडायचं, ही भीती सगळ्यांना असते. आयफोन टेनएस, टेनआर आणि त्यानंतरच्या फोनांमध्ये याची सोय आहे. बॅटरी संपून फोन आपोआप बंद पडला, तरी तळाशी थोडी शक्ती राखून ठेवलेली असते, आणि तेवढ्यावर एक्सप्रेसचं कार्ड आणखी पाच तासांपर्यंत चालू शकतं. बाजूचं बटण एकदा दाबलं की रिकाम्या बॅटरीची खूण आणि एक्सप्रेस कार्ड वापरता येईल अशी ओळ दिसते. ती खात्री एकदाच करून घ्या. पुन्हा पुन्हा दाबलंत तर राखून ठेवलेली शक्तीच संपते. अशा वेळी गेटवर स्क्रीनवर काही येत नाही, फक्त थरथर जाणवते.

यातली चूक अशी होते. बॅटरी दोन टक्के दाखवते, आणि "उरलेली वाचवू" म्हणून माणूस फोन स्वतःच बंद करतो. स्वतः बंद केलेल्या फोनवर ही सोय चालत नाही. बॅटरी संपत आली असेल तर फोन तसाच सुरू ठेवा आणि आपोआप बंद पडू द्या. तरच गेट उघडेल.

तरीही एवढ्यावर विसंबून लांबचा प्रवास करू नका. आत शिरून बाहेर पडता आलं नाही, किंवा मध्ये तपासनीसाला फोन दाखवता आला नाही, तर जबाबदारी आपली धरली जाते.

## टप्पा ७: व्हिसा की मास्टरकार्ड, आणि फोन हरवला तर

लॉक असलेला फोन पैसे देतो म्हटल्यावर कुणीतरी खिशाजवळ मशीन आणून पैसे काढेल का, हा प्रश्न रास्त आहे. साधं दुकानातलं मशीन आणून जमत नाही, कारण त्यात गेटचा तो संकेत नसतो. पण २०२१ मध्ये बर्मिंगहॅम आणि सरे या विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की तो संकेत नक्कल करून लॉक असलेल्या आयफोनला फसवता येतं. त्यांनी प्रयोगात १००० पौंडांचा व्यवहार करून दाखवला. हे एक्सप्रेससाठी निवडलेल्या व्हिसा कार्डाच्या बाबतीत जमलं, मास्टरकार्डच्या बाबतीत नाही. त्यासाठी फोनजवळ एक उपकरण, ते संदेश पुढे पाठवणारा दुसरा फोन आणि पैसे घेणारं मशीन असा सगळा संच लागत होता. व्हिसाचं म्हणणं होतं की प्रत्यक्षात असा हल्ला करणं अवघड आहे.

यावर माझं मत स्पष्ट आहे. दोन्ही कार्डं असतील तर एक्सप्रेससाठी मास्टरकार्ड निवडा. फक्त व्हिसा असेल तर ज्या खात्यात पगार जमा होतो त्या कार्डाऐवजी थोडेच पैसे ठेवलेल्या वेगळ्या खात्याचं कार्ड निवडा. त्यातही अडचण असेल तर एक्सप्रेस `None` वर ठेवून गेटवर चेहरा दाखवून पैसे द्या. चार सेकंद जास्त लागतील, पण चालतं.

फोन हरवला तर लगेच दुसऱ्या कुठल्याही उपकरणावरून `Find My` उघडून फोन `Lost Mode` मध्ये टाका, त्याने ॲपल पेची कार्डं थांबतात. फोन इंटरनेटवर नसेल अशी शंका असेल तर बँकेला कळवून त्या फोनमधलं कार्ड बंद करायला सांगा. बँक ते फोन इंटरनेटवर नसतानाही करू शकते, आणि प्लॅस्टिकचं कार्ड तसंच सुरू राहतं.

## अँड्रॉइडवाल्यांसाठी

सॅमसंग वॉलेटमध्ये एक कार्ड प्रवासाचं म्हणून वेगळं निवडता येतं, त्यानंतर फोन न उघडता गेटवर टेकवता येतो. गूगल वॉलेटमध्ये साधारणपणे निदान स्क्रीन लावावी लागते, आणि प्रवासासाठी फोन उघडायला लागावा की नाही याची निवड ॲपच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये करायची असते. बंद पडलेल्या अँड्रॉइड फोनने गेट उघडेल असं धरून चालू नका. एकाच उपकरणाने आत-बाहेर आणि कव्हरमध्ये कार्ड नको, हे नियम इथेही तंतोतंत लागू आहेत.

## विद्यार्थ्यांनी हे आधी तपासावं

एक्सप्रेसवर बँकेचं कार्ड असलं की भाडं प्रौढांच्या दराने लागतं. ऑयस्टर हे लंडनचं प्रवासाचं कार्ड. विद्यार्थ्यांचं सवलतीचं ऑयस्टर फोटोकार्ड, किंवा ऑयस्टरला जोडलेलं रेलकार्ड हे रेल्वेचं सवलतीचं कार्ड, यांची सवलत फोनवर मिळत नाही, आणि ऑयस्टर कार्ड आयफोनच्या वॉलेटमध्ये घालताही येत नाही. रोज कॉलेजला दूरच्या झोनमधून जायचं असेल तर आधी हिशोब मांडा. सवलतीचं ऑयस्टर स्वस्त पडत असेल तर रोजच्या प्रवासाला ते वापरा आणि फोन बाजूला ठेवा. मात्र मग ऑयस्टर आणि फोन एकत्र धरून रीडरवर टेकवू नका.

## परत येताना

करार संपला, पुण्याला निघायचं, म्हणून काही जण विमानतळावर जाण्याच्या आदल्या दिवशीच बँक खातं बंद करतात किंवा रिकामं करतात. दिवसाचं भाडं नंतर कापलं जातं, हे लक्षात ठेवा. हीथ्रोला जाताना शेवटचं टेकवलंत, त्याचे पैसे बहुधा तुम्ही विमानात असताना किंवा घरी पोचल्यावर जातील. खात्यात ते नसतील तर कार्ड अडवलेल्यांच्या यादीत जातं आणि थकबाकी राहते. खात्यात शेवटच्या दोन दिवसांच्या भाड्याइतके पैसे ठेवा. स्टेटमेंटवर `TfL Travel Charge` ची शेवटची नोंद आलेली पाहा. मग `Express Travel Card` वर `None` निवडा, वॉलेटमधून कार्ड काढा, आणि त्यानंतरच खातं बंद करा.